नॉन-क्रिमीलेअरचा अर्ज: कुटुंबाचे उत्पन्न कसे मांडावे

नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र म्हणजे अर्जदाराचे कुटुंब मागास प्रवर्गातील उन्नत व प्रगत गटात मोडत नाही, असे महसूल खात्याने लेखी सांगणे. इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 16 नोव्हेंबर 1992 रोजी इतर मागासवर्गीयांचे आरक्षण वैध ठरवले, पण त्यातील सुस्थितीतल्या कुटुंबांना वगळण्याची अट घातली. ती अट कशी लावायची याचे कोष्टक केंद्र सरकारने 8 सप्टेंबर 1993 च्या आदेशात दिले आणि आजही प्रत्येक अर्जाची तपासणी मुळात त्याच कोष्टकाच्या चौकटीत होते. महाराष्ट्रात हे प्रमाणपत्र इतर मागासवर्गाबरोबरच विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गातील उमेदवारांना लागते. अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही.

उत्पन्नाची मर्यादा 1993 मध्ये वर्षाला 1 लाख रुपये होती. ती 2004 मध्ये अडीच लाख, 2008 मध्ये साडेचार लाख, 2013 मध्ये 6 लाख आणि 2017 मध्ये 8 लाख झाली. हा 8 लाखांचा आकडा सर्वांना ठाऊक असतो, आणि बहुतेक घोटाळा तिथूनच सुरू होतो. घरातल्या सगळ्यांच्या कमाईची बेरीज करायची आणि ती आठ लाखांच्या वर गेली की अर्जच करायचा नाही, अशी समजूत गावोगावी आहे. त्यामुळे पात्र असलेली कितीतरी मुले खुल्या प्रवर्गातून प्रवेश घेतात. नियम मात्र बेरजेचा नाही. 1993 च्या कोष्टकातच स्पष्टीकरण आहे की पगाराचे उत्पन्न आणि शेतजमिनीचे उत्पन्न इतर उत्पन्नात मिळवायचे नाही. धंदा, भाडे, व्याज, व्यावसायिक फी असे जे इतर मार्गांचे उत्पन्न उरते, ते 8 लाखांच्या कसोटीला लावायचे.

पगार आणि शेती यांना मोकळे सोडले आहे, असा याचा अर्थ नाही. त्यांचे मोजमाप रुपयांत होत नाही, इतकेच. सरकारी नोकरीत पगाराऐवजी पद पाहिले जाते. आई किंवा वडील यांपैकी एक जण थेट भरतीने गट अ मध्ये लागला असेल, किंवा दोघेही थेट भरतीने गट ब मध्ये असतील, तर पगार कितीही असो, ते कुटुंब उन्नत गटात जाते. गट ब मधून बढती मिळून वयाच्या चाळिशीपर्यंत गट अ मध्ये पोहोचलेल्या वडिलांनाही हाच नियम आहे. याउलट गट क मधल्या शिक्षकाचा किंवा लिपिकाचा पगार ज्येष्ठतेमुळे 8 लाखांच्या पुढे गेला, तरी केवळ त्या पगारामुळे त्यांचे मूल अपात्र ठरत नाही. म्हणूनच सरकारी नोकरदार पालकांच्या बाबतीत फॉर्म 16 पेक्षाही कार्यालयाचा दाखला महत्त्वाचा ठरतो. त्यात पदनाम, गट, नेमणुकीची तारीख आणि नेमणूक सरळसेवेने झाली की पदोन्नतीने, या चारही गोष्टी असाव्या लागतात. अनेक आस्थापनांकडून मिळणाऱ्या दाखल्यात फक्त पदनाम आणि पगार असतो. गट आणि नेमणुकीचा प्रकार मुद्दाम मागून घ्यावा लागतो.

शेतीत उत्पन्नाऐवजी जमीन पाहिली जाते. आई, वडील आणि त्यांची अज्ञान मुले यांच्या नावावरची बागायत जमीन राज्याच्या कमाल धारणेच्या 85 टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर कुटुंब उन्नत ठरते. महाराष्ट्रात बारमाही बागायतीची कमाल धारणा 18 एकर आहे, म्हणजे रेघ 15 एकर 12 गुंठ्यांवर येते. कोरडवाहूची कमाल धारणा 54 एकर आहे, पण नुसत्या कोरडवाहू जमिनीमुळे कोणी उन्नत ठरत नाही. बागायत आणि कोरडवाहू दोन्ही असेल, तर आधी बागायत कमाल धारणेच्या 40 टक्के आहे का ते बघतात. ती तितकी असेल तरच कोरडवाहूचे बागायतीत रूपांतर करून एकूण क्षेत्र 80 टक्क्यांच्या कसोटीला लावतात. लहान शेतकऱ्याला या गणिताची गरजच पडत नाही, पण आपली जमीन त्या रेषेच्या कितीतरी खाली आहे हे त्याला सातबारा आणि आठ-अ जोडून दाखवावे लागते.

हे सगळे आईवडिलांबद्दल आहे. अर्जदाराची स्वतःची कमाई यात मोजत नाहीत. विवाहित उमेदवाराच्या बाबतीतही पती किंवा पत्नीचे उत्पन्न नव्हे, तर आईवडिलांचेच पाहतात. लग्न झालेल्या मुली सासरच्या रेशनकार्डावर नाव असल्यामुळे पतीचे उत्पन्न भरतात, आणि तिथे अर्ज अडतो. त्यांनी माहेरचे, म्हणजे आईवडिलांचे पुरावेच जोडायला हवेत. त्यासोबत नावबदलाचा पुरावा म्हणून विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातील प्रसिद्धी लागते.

आता एक कुटुंब समोर ठेवून पाहू. हे कुटुंब नमुन्यादाखल कल्पिलेले आहे, पण असे घर फलटणसारख्या कालव्याखालच्या कोणत्याही तालुक्यात सापडेल. मुलगी बारावी झालेली, इतर मागासवर्गातली, अभियांत्रिकीच्या प्रवेशाला निघालेली. जातीचा दाखला हाताशी आहे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणजे गट क. वडील घरची सहा एकर शेती करतात, त्यातली चार एकर बागायत आणि दोन एकर जिरायत. तालुक्याच्या गावी त्यांचे पाइप आणि ठिबकच्या सामानाचे दुकान आहे. दुकानाशेजारचा गाळा भाड्याने दिलेला आहे, घरी दोन म्हशी आहेत आणि बँकेत थोडी ठेव आहे. अर्ज जून 2025 मध्ये करायचा आहे, म्हणून 2022-23, 2023-24 आणि 2024-25 या तीन आर्थिक वर्षांचे उत्पन्न दाखवायचे आहे.

2024-25 मध्ये आईचा पगार 9 लाख 50 हजार झाला. शेतीतून खर्च जाता 3 लाख 40 हजार मिळाले. दुकानाचा नफा 3 लाख 5 हजार, गाळ्याचे भाडे महिना पाच हजारांप्रमाणे 60 हजार, ठेवीचे व्याज 24 हजार आणि दुधाचे चारा-पेंड वजा जाता 48 हजार. सगळे एकत्र केले तर 17 लाख 27 हजार होतात. घरातले कोणीही हा आकडा पाहून हात टेकेल. पण पगार पदाच्या कसोटीला गेला, तिथे गट क असल्याने अडचण नाही. शेती क्षेत्राच्या कसोटीला गेली, तिथे चार एकर बागायत 15 एकर 12 गुंठ्यांच्या जवळपासही नाही. उरले दुकान, भाडे, व्याज आणि दूध. त्यांची बेरीज 4 लाख 37 हजार. आधीच्या दोन वर्षांत हीच बेरीज 3 लाख 88 हजार आणि 4 लाख 11 हजार होती. तिन्ही वर्षांत ती 8 लाखांच्या खूप खाली आहे. मुलगी पात्र आहे.

या हिशेबातल्या तीन गोष्टींवर थांबायला हवे, कारण त्याच नेमक्या चुकतात. पहिली, दुकानाची विक्री म्हणजे उत्पन्न नव्हे. वर्षाला तीस-चाळीस लाखांची उलाढाल असलेल्या दुकानदाराला त्यातून सुटणारा नफा हेच उत्पन्न, आणि तोच आकडा आयकर विवरणपत्रात व्यवसायाच्या उत्पन्नात दिसतो. जीएसटीची विवरणे नुसतीच जोडली तर तपासणाऱ्यासमोर फक्त विक्री येते. म्हणून त्यांच्यासोबत नफ्याचा आकडा दाखवणारे कागद हवेतच.

दुसरी गोष्ट भाड्याची. आयकरात भाड्यातून 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते, त्यामुळे विवरणपत्रात 60 हजारांऐवजी 42 हजार दिसतात. प्रमाणपत्रासाठी मात्र ढोबळ उत्पन्न पाहतात, म्हणून अर्जात 60 हजारच लिहावेत. विमा, भविष्य निर्वाह निधी यांच्या वजावटी करून उरणारे करपात्र उत्पन्न इथे चालत नाही. ज्या कुटुंबाचे इतर उत्पन्न साडेसात-आठ लाखांच्या आसपास आहे, त्यांच्या बाबतीत या एवढ्या फरकाने निकाल बदलू शकतो. विवरणपत्र तयार करणाऱ्याला त्यांनी ढोबळ आकडे वेगळे काढून मागावेत.

तिसरी गोष्ट दुधाची. दूध हा शेतकऱ्याच्या घरातलाच जोडधंदा असल्याने ते शेतीत धरण्याकडे कल असतो. पण वगळलेले उत्पन्न शेतजमिनीचे आहे, आणि आयकर कायद्यातही दुग्धव्यवसाय शेती उत्पन्नात येत नाही. कुक्कुटपालनाचेही तसेच. हे उत्पन्न इतर मार्गांतच दाखवणे सुरक्षित. आंबा आणि संत्रा-मोसंबीच्या बागा मात्र शेतजमिनीतच गणल्या जातात, आणि कोकणातल्या व विदर्भातल्या बागायतदारांनी हे लक्षात ठेवावे.

खासगी नोकरीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. सरकारी पदांशी खासगी पदांची समकक्षता ठरलेली नसते. अशा नोकरदारांसाठी केंद्राने 14 ऑक्टोबर 2004 च्या पत्रात सांगितले की पगार आणि इतर उत्पन्न वेगवेगळ्या पारड्यांत तोलायचे आणि कोणतेही एक पारडे सलग तीन वर्षे मर्यादेच्या वर गेले तर उमेदवार वगळायचा. वरच्या उदाहरणातली आई खासगी बँकेत त्याच पगारावर असती, तर तिच्या पगाराचे पारडे एकट्यानेच अडसर ठरले असते. या पत्राच्या अर्थावरून न्यायालयांत वाद झाले आहेत. सरकारी गट क आणि खासगी नोकरी यांना दोन मापे लावणे अन्यायाचे आहे, ही अर्जदारांची तक्रार रास्त आहे. अर्ज करताना निदान एवढे करावे की पगाराचा आकडा इतर उत्पन्नात मिसळू देऊ नये आणि कंपनीकडून पदनाम व वेतनाचे वर्षवार पत्र घ्यावे.

सलग तीन वर्षे, या शब्दांकडेही बारकाईने पाहायला हवे. एखाद्या वर्षी गाळा विकला गेला किंवा धंद्यात अचानक मोठा नफा झाला आणि तेवढेच एक वर्ष 8 लाख ओलांडले गेले, तर केंद्राच्या कोष्टकाप्रमाणे कुटुंब लगेच उन्नत होत नाही. अशा वेळी ते वर्ष लपवण्याचा मोह टाळावा. तिन्ही वर्षांचे आकडे द्यावेत आणि त्या वर्षाच्या वाढीचे कारण एका वाक्यात लिहावे.

अर्ज आपले सरकार संकेतस्थळावरून, सेतू केंद्रातून किंवा महा ई-सेवा केंद्रातून करता येतो. प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी, म्हणजे लोकांच्या भाषेत प्रांत, देतात. त्याआधी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो एक वर्षाचा नव्हे, तीन वर्षांचा मागावा. महाराष्ट्रात प्रमाणपत्राची मुदत उत्पन्नाच्या पुराव्यावर ठरते. एका वर्षाचे उत्पन्न दाखवले तर प्रमाणपत्र एका वर्षाचे, तीन वर्षांचे दाखवले तर तीन वर्षांपर्यंतचे. मुदत 31 मार्चला संपते. एका वर्षाच्या दाखल्यावर अर्ज करणाऱ्याला पुढच्या जूनमध्ये पुन्हा रांगेत उभे राहावे लागते.

तहसीलदारांच्या दाखल्यासाठी तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, चौकशी करून अहवाल देतात. शेतमजूर, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या बाया यांच्याकडे ना विवरणपत्र ना पगाराची पावती असते. त्यांच्यासाठी हा अहवाल आणि स्वतःचे घोषणापत्र हेच पुरावे. कागद नाही म्हणून अशा कुटुंबाला परत पाठवणे चुकीचे आहे, कारण ही चौकशी मुळात त्यासाठीच आहे. मोठ्या उत्पन्नाच्या घरांची अडचण उलटी असते. तहसीलदारांच्या दाखल्यावर अनेकदा सगळ्या मार्गांचे मिळून एकच आकडा येतो. वरच्या कुटुंबाच्या दाखल्यावर 17 लाखांचा आकडा आला, तर प्रांत कार्यालयातल्या टेबलावर तो पाहूनच अर्ज बाजूला पडू शकतो. म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज करतानाच नोकरी, शेती, व्यवसाय आणि इतर असे रकाने वेगळे भरावेत, आणि नॉन-क्रिमीलेअरच्या अर्जाला उत्पन्नाचा खुलासा जोडावा.

तो खुलासा लांबलचक नको. वरच्या मुलीचा खुलासा असा असेल: “माझी आई जिल्हा परिषद शाळेत गट क मध्ये सरळसेवेने नियुक्त शिक्षिका आहे, सोबत मुख्याध्यापकांचा दाखला व तीन वर्षांचे फॉर्म 16. आईच्या नावे शेतजमीन नाही. वडिलांच्या नावे 4 एकर बागायत व 2 एकर जिरायत जमीन आहे. सोबत सातबारा व आठ-अ. पगार व शेती वगळता आईवडिलांचे इतर मार्गांचे ढोबळ उत्पन्न 2022-23 मध्ये 3,88,000 रुपये, 2023-24 मध्ये 4,11,000 रुपये व 2024-25 मध्ये 4,37,000 रुपये आहे. यात दुकान, गाळ्याचे भाडे, दूध व ठेवीचे व्याज यांचा समावेश आहे; सोबत विवरणपत्रे, भाडेकरार, दूध संस्थेची बिले व बँकेचा व्याजाचा दाखला.” प्रत्येक वाक्याला त्याचा कागद असावा आणि कागदही त्याच क्रमाने लावलेले असावेत. तपासणाऱ्या लिपिकाला मग काही शोधावे लागत नाही.

कागद लावताना सर्वात जास्त चुका वर्षांच्या होतात. आयकर विवरणपत्रावर आकारणी वर्ष छापलेले असते आणि ते कमाईच्या वर्षाच्या पुढचे असते. 2024-25 ची कमाई 2025-26 या आकारणी वर्षाच्या विवरणपत्रात असते. 2024-25 असे छापलेले विवरणपत्र त्याच वर्षाचे समजून जोडले, तर खरे शेवटचे वर्ष रिकामे राहते. शिवाय प्रवेशाच्या हंगामात, जूनमध्ये, शेवटच्या वर्षाचे विवरणपत्र बहुधा भरलेलेच नसते. ज्यांच्या घरी मूल बारावीला आहे, त्यांनी ते मुदतीच्या आधीच भरून टाकलेले बरे.

दुसरी नेहमीची अडचण सातबाऱ्याची. जमीन चार भावांच्या सामाईक खात्यात असेल, तर उताऱ्यावर पूर्ण क्षेत्र दिसते. वडिलांचा हिस्सा किती, हे अर्जात लिहून आठ-अ ने दाखवावे लागते. आईला माहेरकडून वारसाने जमीन मिळालेली असेल, तर तीही याच कुटुंबाच्या क्षेत्रात धरतात आणि तिचा उतारा दुसऱ्या तालुक्यातून आणावा लागतो. नावांतल्या फरकाचेही तसेच. जातीच्या दाखल्यावर, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि वडिलांच्या आधारवर आडनाव वेगवेगळे लिहिलेले असेल, तर ती एकाच व्यक्तीची नावे असल्याचे घोषणापत्र आधीच जोडावे, नाहीतर अर्ज त्रुटीत परत येतो. 2015 पासून बहुतेक कामांसाठी स्टॅम्पपेपरवरच्या प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र चालते. त्यात व्याजासारखी छोटी रक्कमही सोडू नये, कारण ती विवरणपत्रात दिसतेच, आणि दोन कागदांतला विसंवाद हा संशयाचे कारण होतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली या प्रमाणपत्राला 21 दिवसांची मुदत आहे आणि उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवसांची. दोन्ही एकामागून एक लागत असल्याने पाच-सहा आठवडे हाताशी ठेवावेत. अर्ज नाकारला तर कारण लेखी मिळायला हवे. त्या कारणात सगळ्या मार्गांची बेरीज करून मर्यादा ओलांडल्याचे म्हटले असेल, तर 30 दिवसांत पहिले अपील करावे. अपिलात 1993 च्या कोष्टकातील पगार व शेती न मिळवण्याच्या स्पष्टीकरणाचा हवाला द्यावा आणि इतर उत्पन्नाचा वर्षवार तक्ता पुन्हा जोडावा. त्यानंतर दुसरे अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग असा मार्ग आहे.

केंद्र सरकारच्या नोकऱ्या आणि केंद्रीय संस्थांतले प्रवेश यांसाठी राज्याच्या नमुन्यातले प्रमाणपत्र चालत नाही. त्यासाठी केंद्राचा वेगळा नमुना आहे. त्यावर जात केंद्रीय यादीत कोणत्या नावाने आहे ते यावे लागते, आणि राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असे नाही. संस्था बहुधा चालू आर्थिक वर्षात दिलेलेच प्रमाणपत्र मागतात, त्यामुळे राज्याचे तीन वर्षांचे प्रमाणपत्र हातात असले तरी केंद्राच्या नमुन्यासाठी 1 एप्रिलनंतर नवा अर्ज करावा लागतो. उत्पन्नाचा खुलासा आणि पुरावे मात्र दोन्ही अर्जांना तेच चालतात.